अभ्यासिकेत आलेली मुलं आणि न आलेली मुलं: प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग पायरीपायरीने

ठाण्यात लोकमान्यनगरच्या चाळींमध्ये एक अभ्यासिका चालते. संध्याकाळी सात ते दहा. एक लांब खोली, ट्यूबलाइट, सतरंज्या, भिंतीला टेकवलेली डेस्कं. दहावीची मुलं येतात, बसतात, आपापला अभ्यास करतात. शिकवणी नाही, फी नाही. ती खोली सांभाळणाऱ्या ताईंनी मला एक साधा प्रश्न विचारला होता: "आमच्याकडे येणाऱ्या मुलांना बोर्डात जास्त मार्क पडतात, हे आम्हाला दिसतंय. पण ते आमच्यामुळे पडतात का?"

या एका प्रश्नासाठी मी प्रोपेन्सिटी स्कोअर मॅचिंग पहिल्यांदा नीट शिकलो. ज्यांनी हे नाव नुकतंच ऐकलं आहे आणि सरासरी, टक्केवारी इतकं संख्याशास्त्र ज्यांना येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लॉजिस्टिक रिग्रेशन ऐकून माहीत असेल तर बरंच, नसेल तरी अडणार नाही. मुलांची खरी माहिती इथे देणं योग्य नाही, म्हणून खालचे सगळे आकडे समजावण्यासाठी मी स्वतः मांडलेले आहेत. कामाचा क्रम आणि झालेल्या चुका मात्र खऱ्या आहेत.

असं धरू की परिसरातल्या तीन शाळांमधली दहावीची ४८० मुलं आपल्या यादीत आहेत. त्यातली १२० अभ्यासिकेत आली, ३६० आली नाहीत. आलेल्यांची बोर्डाची सरासरी ७१ टक्के, न आलेल्यांची ६३. फरक ८ टक्क्यांचा.

हा ८ चा आकडा कुठे फसवतो

अभ्यासिकेत कोण येतं ते दोन संध्याकाळी दारात उभं राहून पाहिलं की कळतं. ज्यांना अभ्यासाची ओढ आहे ती मुलं येतात, म्हणजे नववीतच ज्यांचे मार्क बरे होते ती. ही मुलं अभ्यासिका नसती तरी पुढेच गेली असती. त्यामुळे ८ मधला काही भाग अभ्यासिकेचा नाही, तो नववीतून आलेला आहे.

पण दुसऱ्या बाजूनेही एक ओढ आहे. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू, लहान भावंडं, स्वयंपाक तिथेच. अशा घरातली मुलं जागेसाठी येतात. ज्यांच्याकडे पैसे भरून लावलेला क्लास आहे ती संध्याकाळी क्लासला असतात, म्हणून येत नाहीत. म्हणजे आलेल्या मुलांमध्ये अडचणीतली मुलंही जास्त आहेत, आणि ही गोष्ट ८ ला खाली खेचते. एक ओढ वर, एक खाली. निव्वळ अंदाजाने "थोडं कमी करून वाचा" असं म्हणता येत नाही, कारण कोणती ओढ किती मोठी आहे हे आपल्याला माहीत नाही.

हवं आहे ते असं: आलेल्या मुलांसारखीच, पण न आलेली मुलं. मग त्या दोन गटांची तुलना.

एकेक गोष्ट जुळवायला गेलं की खाने संपतात

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच. नववीत ६० ते ६५ टक्के मिळालेली मुलं घ्या, त्यातली आलेली आणि न आलेली ताडून पाहा. मग ६५ ते ७०. असं प्रत्येक पट्ट्यात करा. एकाच गोष्टीसाठी हे उत्तम चालतं, आणि खरं सांगायचं तर एकच गोष्ट आड येत असेल तर पुढचं काही करायची गरजच नाही.

आपल्याकडे गोष्टी चार आहेत: नववीचे मार्क, घरापासून अभ्यासिकेचं अंतर, घर एका खोलीचं आहे का, आणि क्लास लावला आहे का. मार्कांचे ६ पट्टे, अंतराचे ४, खोलीचे २, क्लासचे २. गुणाकार केला तर ९६ खाने झाले. १२० आलेली मुलं ९६ खान्यांत वाटली की कित्येक खान्यांत एखादंच मूल उरतं आणि त्याच्यासमोर तुलनेला कोणीच नसतं. त्यात तीन शाळा आणि मुलगा-मुलगी हे धरलं तर ५७६ खाने होतात, म्हणजे मुलांपेक्षा खानेच जास्त.

१९८३ मध्ये पॉल रोझेनबॉम आणि डोनाल्ड रुबिन यांनी 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात यावरची वाट दाखवली. त्यांचं म्हणणं असं की चारही गोष्टी वेगवेगळ्या जुळवत बसू नका. त्या चार गोष्टी पाहून हे मूल अभ्यासिकेत येण्याची शक्यता किती होती, एवढा एकच आकडा काढा आणि तो जुळवा. हा आकडा म्हणजे प्रोपेन्सिटी स्कोअर.

पायरी पहिली: कोणत्या गोष्टी घ्यायच्या, आणि त्या कधीच्या

ही पायरी संगणकाला हात लावण्याआधीची आहे, आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

निकष दोन आहेत. ती गोष्ट येण्या-न-येण्यावरही परिणाम करणारी असावी आणि मार्कांवरही. आणि ती अभ्यासिका सुरू होण्याच्या आधीची असावी. अंतर घेतलं कारण लांबच्या वस्तीतल्या मुलांची शाळा आणि घरची परिस्थितीही वेगळी असते. अंतराचा मार्कांशी अजिबातच संबंध नसता, ते फक्त येण्यावरच परिणाम करत असतं, तर ते बाहेर ठेवणं बरं. तशी गोष्ट घातल्याने पक्षपात कमी होत नाही, जोड्या मात्र हातातून जातात.

अभ्यासिका जूनमध्ये सुरू होते. नववीचा निकाल त्याआधी लागलेला असतो, तो चालेल. मी मात्र हाताशी आहे म्हणून जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेचे मार्कही यादीत घातले. जितकी जास्त माहिती तितकी जुळणी चांगली, असं मला वाटलं. उत्तर आलं ०.४ टक्के, म्हणजे अभ्यासिकेचा परिणाम जवळजवळ शून्य. मी ते ताईंना कळवलंसुद्धा. त्या इतकंच म्हणाल्या, "पण पूर्वपरीक्षेपर्यंत मुलं सहा महिने आमच्याकडेच बसली होती ना?"

अगदी बरोबर. अभ्यासिकेमुळे जे मार्क वाढले ते पूर्वपरीक्षेत आधीच दिसायला लागले होते. पूर्वपरीक्षेत सारखे मार्क असलेली मुलं जुळवली, म्हणजे मी अभ्यासिकेचा फायदा स्वतःच्या हाताने कापून टाकला आणि मग फायदा दिसत नाही म्हणालो. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीपुढे तारीख लिहितो. ज्या दिवशी मुलाने येणं सुरू केलं त्या दिवसानंतर मोजलेली कोणतीही गोष्ट स्कोअरमध्ये जात नाही, ती कितीही उपयोगी वाटली तरी.

पायरी दुसरी: स्कोअर काढणं

लॉजिस्टिक रिग्रेशन इथे एवढंच करतं: चार गोष्टींना प्रत्येकी एक वजन देतं, त्यांची बेरीज करतं आणि त्या बेरजेचं शक्यतेत रूपांतर करतं. लक्षात ठेवायचं ते हे की या पायरीत बोर्डाचे मार्क कुठेच नाहीत. आपण फक्त कोण आलं आणि कोण नाही हे विचारतो आहोत. बोर्डाचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि जुळणी पूर्ण होईपर्यंत ती उघडू नका. उत्तर डोळ्यांसमोर असलं की माणूस नकळत हवं ते उत्तर देणारी जुळणी शोधत राहतो.

आपल्या उदाहरणात वजनं अशी निघाली असं धरू:

```
L = -2.8 + 0.04*marks9 - 0.8*km + 0.6*one_room - 0.5*tuition
score = 1 / (1 + exp(-L))
```

आता दोन मुलं हाताने काढून पाहू. पहिली मुलगी: नववीत ८० टक्के, घर १ किलोमीटरवर, दोन खोल्यांचं, क्लास नाही. बेरीज: −२.८ + ३.२ − ०.८ = −०.४. दुसरा मुलगा: नववीत ५५ टक्के, घर अर्ध्या किलोमीटरवर, एक खोली, क्लास नाही. बेरीज: −२.८ + २.२ − ०.४ + ०.६ = −०.४. दोघांचा स्कोअर सारखाच, ०.४०. दोघंही येण्याची शक्यता ४० टक्के.

थांबा: ही दोन मुलं सारखी कुठे आहेत?

इथे नवा माणूस अडखळतो, आणि अडखळायलाच हवं. एक ८० टक्क्यांची मुलगी, एक ५५ टक्क्यांचा मुलगा. त्यांची जोडी लावून मार्कांची तुलना करायची? हे जुळ्या भावंडांसारखं जुळवणं नाही, हे उघड आहे.

आता त्या दोघांना सोडा आणि ४० टक्के स्कोअर असलेली १०० मुलं डोळ्यांसमोर आणा. समजा त्यातली ५० त्या मुलीसारखी आहेत आणि ५० त्या मुलासारखी. पहिल्या ५० पैकी ४० टक्के आली, म्हणजे २०. दुसऱ्या ५० पैकीही ४० टक्के आली, म्हणजे २०. आलेल्या ४० मध्ये निम्मी ८० टक्क्यांची, निम्मी ५५ ची. न आलेल्या ६० मध्ये ३० आणि ३०, पुन्हा निम्मी-निम्मी. दोन्ही गटांची नववीची सरासरी ६७.५. एका खोलीच्या घरांचं प्रमाण दोन्हीकडे निम्मं. जोडी म्हणून पाहिलं तर विजोड, गट म्हणून पाहिलं तर बरोबर तोलाचे.

हा योगायोग नाही. समजा ४० टक्के स्कोअरच्या मुलांमध्ये हुशार मुलं जास्त प्रमाणात आली असती, म्हणजे त्यातली ६० टक्के आली असती. मग त्या हुशार मुलांचा स्कोअर ६० व्हायला हवा होता. ते ४० च्या गटात मुळी असलेच नसते. म्हणजे स्कोअर बरोबर काढला असेल तर एकाच स्कोअरच्या मुलांमध्ये कोण आलं आणि कोण नाही याचा आपण मोजलेल्या गोष्टींशी काही संबंध उरत नाही. ४० टक्के छाप पडणारं नाणं उडवल्यासारखं ते असतं. सारी युक्ती एवढीच आहे, आणि "आपण मोजलेल्या" हे दोन शब्द तिची हद्द आहेत.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, जी मला कोणी सुरुवातीला सांगितली असती तर बरं झालं असतं. जोड्यांची यादी उघडून "ही जोडी पटत नाही" असं एकेक जोडी पाहून ठरवू नका. आणि स्कोअरचं मॉडेल कोण येणार हे किती अचूक ओळखतं, याच्याही मागे लागू नका. मॉडेल जवळजवळ अचूक ओळखायला लागलं तर ती वाईट बातमी आहे. त्याचा अर्थ असा की आलेल्यांसारखी न आलेली मुलं उरलीच नाहीत. मॉडेल चांगलं की वाईट याची कसोटी एकच, दोन गट तोलाचे झाले का.

पायरी तिसरी: आधी दोन्ही गट एकमेकांवर येतात का ते पाहा

जोड्या लावण्याआधी दोन्ही गटांच्या स्कोअरचे आलेख एकाखाली एक काढा. आपल्याकडे न आलेल्या मुलांचा ढीग १० ते ३० टक्क्यांच्या आसपास, आलेल्यांचा २० ते ५० च्या आसपास. मधला भाग दोघांचाही आहे, तिथे काम होईल. उजव्या टोकाला, ५० च्या पुढे, आलेली मुलं बरीच आणि न आलेली मोजकी. ही कोण मुलं, ते नावानिशी पाहिलं तर लगेच कळलं: अभ्यासिकेच्या अगदी शेजारच्या गल्लीतली, एका खोलीच्या घरातली, नववीत चांगली. अशी मुलं जवळपास सगळीच आली. त्यांच्यासारखं पण न आलेलं मूल शोधायला गेलं तर मिळत नाही. त्यांच्याबद्दल ही माहिती काही सांगू शकत नाही, आणि कोणतंही गणित ती उणीव भरून काढत नाही.

पायरी चौथी: जोड्या लावणं

प्रत्येक आलेल्या मुलासाठी त्याच्या स्कोअरच्या सर्वांत जवळचं न आलेलं मूल घ्यायचं, आणि एकदा घेतलेलं पुन्हा घ्यायचं नाही. पण सर्वांत जवळचं म्हणजे पुरेसं जवळचं असं नाही. शेवटी उरलेल्या मुलाला मिळेल तो जोडीदार गळ्यात पडतो. म्हणून एक मर्यादा आखतात, तिला कॅलिपर म्हणतात: यापेक्षा दूरचा जोडीदार चालणार नाही. रूढ मर्यादा वरच्या `L` या बेरजेच्या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरले आहेत त्या मापाच्या, ०.२ पट. आपल्याकडे `L` चं विचलन ०.९५ धरलं तर मर्यादा ०.१९. म्हणजे −०.४ वाल्या मुलाला −०.५९ ते −०.२१ मधलाच जोडीदार चालेल. शक्यतेच्या भाषेत साधारण ३६ ते ४५ टक्के.

मर्यादा शक्यतेवर न लावता `L` वर का लावायची? शक्यता टोकाला चेपली जाते. ०.०२ आणि ०.०६ यात फक्त ४ टक्क्यांचा फरक दिसतो, पण एक मूल दुसऱ्याच्या तिपटीने येण्याजोगं आहे. `L` वर हा फरक उघडा पडतो.

R या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत हे सगळं `MatchIt` या पॅकेजने होतं:

```r
library(MatchIt)
m <- matchit(came ~ marks9 + km + one_room + tuition,
             data = d, method = "nearest",
             distance = "glm", link = "linear.logit",
             caliper = 0.2)
summary(m)
```

१२० पैकी १०६ मुलांना जोडीदार मिळाले. १४ सुटली, आणि ती १४ म्हणजे मघाची शेजारच्या गल्लीतलीच बहुतेक.

पायरी पाचवी: तोल तपासणं

माझा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो. `summary(m)` मध्ये `Std. Mean Diff.` असा एक रकाना येतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन, एवढाच त्याचा अर्थ. नववीच्या मार्कांचं घेऊ: जुळवण्याआधी ६६ आणि ५९, फरक ७, विचलन १२, म्हणून ०.५८. मार्क, किलोमीटर, हो-नाही, सगळं एका मापात येतं हा त्याचा फायदा. ०.१ च्या आत आलं तर तोल बरा मानतात.

दोन्ही फेऱ्यांचं चित्र असं (आकड्यांच्या तिन्ही रकान्यांत प्रमाणित फरक, चिन्ह सोडून):

| गोष्ट | जुळवण्याआधी | पहिली फेरी | दुसरी फेरी |
|---|---|---|---|
| नववीचे मार्क | ०.५८ | ०.०५ | ०.०४ |
| अंतर | ०.६३ | ०.०६ | ०.०५ |
| एका खोलीचं घर | ०.३५ | ०.०५ | ०.०४ |
| क्लास लावलेला | ०.३१ | ०.१८ | ०.०४ |

पहिल्या फेरीत तीन गोष्टी जागेवर आल्या, क्लास अडला. जुळवलेल्या आलेल्यांमध्ये क्लास लावलेली ३७ टक्के, न आलेल्यांमध्ये ४६. असं का व्हावं? मॉडेलने धरलं होतं की क्लासमुळे येण्याची शक्यता सगळ्यांची सारखीच कमी होते. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की हुशार मुलं क्लास संपवून साडेआठला तरी येतात, बाकीची क्लासवरून थेट घरी जातात. म्हणजे क्लासचा परिणाम मार्कांप्रमाणे बदलतो. मॉडेलमध्ये `marks9:tuition` ही जोड घातली, पुन्हा जुळवलं, आणि दुसऱ्या फेरीत क्लास ३७ आणि ३९ वर आला.

असं मागे-पुढे करणं लबाडी नाही का, असं मला एकाने विचारलं होतं. बोर्डाचे मार्क बंद फाइलमध्ये असतील तर नाही. आपण उत्तर सुधारत नसतो, फक्त तोल सुधारत असतो.

तोल पाहताना दोन सवयी टाळा. फरक नगण्य आहे का हे पी-व्हॅल्यूवरून, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसण्याची शक्यता किती यावरून, ठरवू नका. जुळवल्यानंतर मुलं कमी झाली की पी-व्हॅल्यू आपोआप मोठी होते आणि तोल सुधारल्याचा भास होतो. आणि फरक ज्या विचलनाने भागायचा ते आधी आणि नंतर एकच ठेवा. `MatchIt` ते तसंच ठेवतं, पण एक्सेलमध्ये हाताने काढणारे लोक इथे चुकतात.

तोल ०.१ च्या आत आला की थांबा. आणखी नेमकेपणासाठी कॅलिपर आवळत जायचा मोह होतो. गॅरी किंग आणि रिचर्ड नील्सन यांनी २०१९ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं. एकाच स्कोअरची मुलं प्रत्यक्षात वेगळी असू शकतात, हे आपण ८० आणि ५५ वाल्या जोडीत पाहिलंच. गट तोलाचे झाल्यावरही तुम्ही जोड्या गाळत राहिलात, तर गाळणी आंधळी असते. मुलं कमी होतात आणि तोल सुधारण्याऐवजी पुन्हा ढळायला लागतो. एखादी गोष्ट तुमच्या दृष्टीने फारच महत्त्वाची असेल, आपल्याकडे नववीचे मार्क तशी आहे, तर `matchit` मध्ये `mahvars = ~ marks9` असं लिहा. मग कॅलिपरच्या आतल्या मुलांमधून नववीचे मार्क सर्वांत जवळचे असलेला जोडीदार निवडला जातो, आणि ८० ची जोडी ५५ शी लागायची शक्यता बरीच कमी होते.

पायरी सहावी: आता बंद फाइल उघडा

१०६ आलेल्या मुलांची बोर्डाची सरासरी ६९.६, त्यांच्या जोडीदारांची ६६.३. फरक ३.३ टक्के. जोडीतल्या फरकांचं विचलन १३ आलं. ते १०६ च्या वर्गमुळाने भागलं की १.२६, आणि ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ०.८ ते ५.८.

सुरुवातीच्या ८ पैकी ४.७ जुळणीत गळाले, काही दोन गट मुळातच वेगळे असल्यामुळे आणि काही ती १४ मुलं सुटल्यामुळे. उरलेले ३.३ अभ्यासिकेचे असू शकतात. हा आकडा कुणाचा, हे वाक्यात नेमकं लिहायला हवं. आलेल्या आणि ज्यांना जोडीदार मिळाला अशा मुलांना अभ्यासिकेने सरासरी किती दिलं, एवढंच तो सांगतो. लांब राहणाऱ्या, कधीच न आलेल्या मुलाला आणून बसवलं तर त्याचेही ३.३ वाढतील, असा याचा अर्थ होत नाही. आणि त्या १४ मुलांबद्दल तर हा आकडा गप्पच आहे. मी अहवालात सुटलेल्या मुलांचं एका ओळीत वर्णन नेहमी देतो: किती, कुठली, नववीत कशी. जास्त मुलं सुटली असतील तर उत्तर मूळ प्रश्नाचं राहत नाही, दुसऱ्याच कुठल्या गटाचं होऊन बसतं.

जे मोजलं नाही ते

ताईंनी शेवटी जे विचारलं त्याने मी बराच वेळ गप्प राहिलो. "काही मुलांच्या आया रोज दारापर्यंत सोडायला येतात. ते कुठे धरलंत?"

कुठेच नाही. नववीचे मार्क सारखे, अंतर सारखं, खोली सारखी, पण एका आईने हात धरून आणलं आणि दुसऱ्या मुलाच्या घरी तेवढी सवड नव्हती. ती आई अभ्यासिका नसती तरी मुलाला घरीच अभ्यासाला बसवणार. तिच्यामुळे वाढलेले मार्क आपण अभ्यासिकेच्या नावावर मांडतो आहोत. स्कोअर कितीही नेटका असला तरी तो फक्त मोजलेल्या गोष्टींचा तोल लावतो. फासे टाकून मुलं निवडली असती तर आईचा आग्रहही दोन्हीकडे सारखा वाटला गेला असता. जुळणीला ते जमत नाही.

करता येतं ते एवढंच की अशी लपलेली गोष्ट किती जोरकस असली तर आपलं उत्तर डळमळेल, हे मोजायचं. रोझेनबॉम यांचीच ही पद्धत आहे. जोडीतली दोन मुलं कागदावर सारखी आहेत. पण लपलेल्या गोष्टीमुळे एकाची येण्याची शक्यता, म्हणजे येण्या-न-येण्याचं गुणोत्तर, दुसऱ्याच्या किती पट झालं तर आपला ३.३ नुसता योगायोग ठरू शकेल? आपल्या आकड्यांत ते साधारण १.२ पट येतं. १.२ म्हणजे फार नाही. रोज सोडायला येणारी आई एवढा फरक सहज पाडू शकते. त्यामुळे अहवालात मी लिहिलं की अभ्यासिकेचा फायदा झाल्याची चिन्हं आहेत, पण घरच्या पाठबळाचा थोडासा फरकही हे उत्तर पुसू शकतो. ताईंना ते आवडलं नाही. पण त्यांनी तसंच छापलं.

आणखी एक तपास स्वस्तात होतो. अभ्यासिकेचा परिणाम ज्यावर होणं शक्यच नाही अशी एखादी जुनी गोष्ट घ्या, जी स्कोअरमध्ये घातलेली नाही. आम्ही आठवीतली शाळेची हजेरी घेतली. जुळवलेल्या दोन गटांत ती वेगळी निघाली असती, तर काहीतरी लपलेलं आहे अशी दाट शंका आली असती. आमच्याकडे ती जवळपास सारखी निघाली. याने लपलेलं काही नाही हे सिद्ध होत नाही, पण एक ठोस शंका कमी होते.

पुढच्या जूनमध्ये ताईंनी तिन्ही शाळांत भरून घ्यायच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवल्या. येणाऱ्या आणि न येणाऱ्या, सगळ्याच मुलांसाठी. संध्याकाळी तुझा अभ्यास कोण घेतं किंवा विचारतं, आणि आठवड्यातून किती दिवस. फॉर्म अभ्यासिका उघडण्याच्या आधी गोळा झाले आणि प्रत्येकावर तारखेचा शिक्का आहे.